डाव्या गालाच्या रेघा

बाबांचं नाक काढून झालं आणि मेधा अडली. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

काम तिच्या रोजच्या हातचंच होतं. जपानात, कोतोमधल्या कालव्याकाठच्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओत ती नऊ वर्षं हेच करत आली होती: फोटो समोर ठेवायचा आणि जुन्या नोटांवर असतो तसा चेहरा निव्वळ बारीक रेघांनी उभा करायचा. साके या तिथल्या दारूच्या बाटलीवरचे संस्थापक, शतक साजरं करणाऱ्या कंपन्यांचे पहिले अध्यक्ष, एकदा तर कुणाची तरी मांजर. नवरा देवदत्त पुण्याहून आयटीच्या कंत्राटावर आला, त्याच्यामागून तीही आली, आणि घरी बसवेना म्हणून शिकता शिकता या रेघांत अडकली.

आता साताऱ्याच्या शाळेनं बाबांच्या, म्हणजे आगटे सरांच्या नावानं गणिताचं पारितोषिक ठेवलं होतं. प्रमाणपत्रावर सरांचं चित्र हवं होतं. "बाहेरच्या कुणाकडून कशाला, आमची मेधा आहे की," असं आईनं मुख्याध्यापकांना परस्पर सांगून टाकलं होतं. मेधानं लगेच हो म्हटलं. अंत्यविधीला ती पोचली नव्हती. बाबा पहाटे गेले, हिला विमान मिळून घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. तेव्हा आता निदान हा चेहरा तरी आपल्या हातून नीट व्हावा, एवढीच तिची मागणी होती.

जुने फोटो कामाचे नव्हते. सगळे फ्लॅशचे, समोरून प्रकाश पडलेले, चेहरा थाळीसारखा सपाट. या कामाला बाजूचा उजेड लागतो. गाल कुठे चढतो, कुठे उतरतो, हे सावलीनं सांगितलं तरच रेघेला वाट सापडते. तसा एकच फोटो होता. धाकट्या भावानं, प्रसन्ननं, एका मुंजीत खिडकीपाशी काढलेला. बाबा जायच्या तीन महिने आधीचा.

कपाळ सहज झालं. आडव्या रेघा कपाळाच्या गोलाईवरून वळत कानशिलापर्यंत गेल्या, सावलीत जाड झाल्या, उजेडात बारीक होत होत ठिपक्यांत विरल्या. त्यांवर तिनं रेघांची तिरकी दुसरी फळी टाकली, बारीक शंकरपाळे पडले. उजवा गालही झाला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी ती खोल घडी, जिला ती लहानपणी बोट लावायची, तिच्यात रेघा छान बुडून बाहेर आल्या.

डावा गाल मात्र ऐकेना. रेघा टाकाव्यात आणि चेहरा कुणा भलत्याचाच दिसावा. चार दिवस तिनं पुसलं आणि काढलं. शेवटी उजेडामुळे घडी मारली गेली असणार असं ठरवून तिनं उजव्या गालाच्या रेघा उचलल्या, आरशातल्यासारख्या उलटवल्या आणि डावीकडे बसवल्या. थोडं इकडेतिकडे ओढलं. चेहरा एकदम गोड दिसायला लागला. आईला आवडेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं कच्ची प्रत प्रसन्नला पाठवली.

कुवाबारा-सान मंगळवार ते गुरुवार येत. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर एका छापखान्यात रोख्यांसाठी तांब्यावर आणि पोलादावर चेहरे कोरलेला माणूस. आता तरुणांच्या रेघा तपासायला स्टुडिओनं ठेवलेला. त्यांनी मेधाच्या चित्राची छापील प्रत घेतली, उलटी धरली, डोकं खाली हनुवटी वर, आणि बराच वेळ बघत राहिले.

"मेधा-सान, हा गाल दोनदा आलाय."

तिनं प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

"साकेच्या अध्यक्षांना चाललं असतं," ते म्हणाले. "त्यांना स्वतःलाच आवडलं असतं. हे कोण आहेत?"

"माझे वडील."

त्यांनी प्रत खाली ठेवली आणि चष्मा पुसला. "फोटो दाखवा. आणि छटा सगळ्या बंद करा. नुसत्या आकाराच्या रेघा. काळं-पांढरं नंतर."

ती संगणकावर नव्या थरात, फोटोवरूनच, नुसती वळणं काढत गेली. कुवाबारा-सान शेजारी उभे राहून स्वतःच्या गालावरून बोट फिरवत होते. त्यांची ती जुनी सवय होती. रेघ कुठे वळवायची ते डोळ्यांनी ठरवायचं नाही, आपल्याच चेहऱ्यावर चाचपून बघायचं.

"कपाळावरच्या आठ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहेत," ते हळू म्हणाले. "गालावर घडी एकाच बाजूला. डाव्या ओठाचा कोपराही खाली आहे. उजेडानं कोपरा खाली येत नाही."

"मग?"

"मी एका बँकेच्या अध्यक्षांना कोरलं होतं. तीन आठवडे प्लेट बिघडत होती. चुकलेली रेघ खरवडायची, मागून ठोकून तांबं वर आणायचं, पुन्हा कोरायची. नंतर त्यांच्या सेक्रेटरीनं सांगितलं." ते फोटोकडे वळले. "वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता का?"

"नाही," मेधा म्हणाली. "ते झोपेत गेले. हृदय बंद पडून. त्याआधी काही नव्हतं."

कुवाबारा-सान किंचित झुकले आणि चहा करायला गेले.

जेवणाच्या सुट्टीत ती कालव्यावरच्या पुलावर आली. साताऱ्यात साडेनऊ वाजले असतील. तिनं प्रसन्नला फोन लावला.

"बोल गं ताई. झालं का चित्र? मुख्याध्यापक माझा जीव खातायत."

"प्रसन्न, बाबांना झटका कधी आला होता?"

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"कोण म्हणालं तुला?"

"म्हणजे आला होता."

"अगं, किरकोळ होता. हातपाय सगळे व्यवस्थित. नुसतं तोंड जरा—"

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी. आणि हे बघ, माझ्यावर ओरडू नकोस. त्यांनीच शपथ घातली होती. सलोनीची हायस्कूलची प्रवेश परीक्षा होती तुझ्याकडे. ते म्हणाले, ती सगळं टाकून धावत येईल, पोरीचं वर्ष जाईल."

"वर्षभर, प्रसन्न. परीक्षा त्या फेब्रुवारीतच संपली."

"मग नंतर कसं सांगायचं? आधी का नाही सांगितलं म्हणून तू आमचंच डोकं खाल्लं असतंस."

तो खोटं बोलत नव्हता. तिनं खाल्लंच असतं. रेलिंगवर हात ठेवून ती खाली जाणारी बोट बघत राहिली. व्हिडिओ कॉलवर बाबांचं नुसतं कपाळ दिसायचं आणि वर फिरणारा पंखा. ती किती हसायची. "बाबा, आज पण कपाळदर्शनच का? फोन जरा खाली घ्या की!" असं म्हणायची, आणि सलोनी जपानीत काहीतरी पुटपुटून खिदळायची. बोलणं जरा जड यायचं, तर ते म्हणायचे, नवी कवळी आहे, सवय व्हायची आहे. वर्षभर दर रविवारी ते फोन तेवढाच वर धरून बसले होते. हात भरून येत असेल.

"ताई? आहेस ना? एक सांगू? चित्र आपलं पहिल्यासारखंच काढ. हसरं. शाळेतल्या पोरांना काय करायचंय बाकीचं."

"तू त्या मुंजीतला फोटो का दिलास मग मला?"

"तूच म्हणालीस, बाजूचा उजेड पाहिजे. मी आपला उजेड बघितला."

ती परत येऊन बसली. गोड गालाचं चित्र एका बाजूला होतं, नुसत्या वळणांचं दुसऱ्या. पहिलं पाठवलं तर काम आजच संपत होतं. तिनं पाठवायला उघडलंही. मग तिला कळलं, की त्या चेहऱ्याकडे बघून तिला काहीच होत नाही. तो कुणीच नव्हता. तिच्या आठवणीतला बाप नव्हता आणि गेला तोही नव्हता.

तिनं उलटवलेला गाल पुसला.

मग तीन दिवस ती तेवढ्या एका गालात होती. डाव्या बाजूला घडीत रेघ बुडत नव्हती; ती सैल, लांबट वळणानं नाकाकडून थेट जबड्याकडे ओघळत होती. दुसरी फळी अगदी थोड्या तिरपेनं टाकावी लागली. जास्त आडवी पडली की मांस घट्ट दिसायचं, आणि तिथं मांस घट्ट नव्हतं. ओठाच्या कोपऱ्याशी तिनं रेघा तोडून नुसते ठिपके ठेवले. काढताना ती स्वतःचा डावा गाल बोटांनी खाली ओढून बघत होती. एकदा तसंच बसलेलं असताना कुवाबारा-सान आले, बघितलं, आणि न बोलता मागे फिरले.

शनिवारी सकाळी तिनं चित्र आईला पाठवलं. घरी देवदत्त आणि सलोनी उठायची होती. साताऱ्यात उजाडल्यावर तिनंच फोन केला.

"आई, बघितलंस?"

"बघितलं." आईनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "प्रसन्न म्हणाला तुला कळलंय म्हणून."

"मला सांगायला हवं होतंस तू."

"हो."

"बाबांनी शपथ घातली असली तरी."

"हो गं. रोज वाटायचं. फोन ठेवला की आमची भांडणं व्हायची त्यावरून." आईनं नाक ओढलं. "राग धर तू. मी नाही म्हणत नाही."

मेधाला राग होताच. पाच महिने ती ज्याला रडत होती त्याचं शेवटचं वर्ष तिला माहीतच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर ओरडायला तिच्याकडे धड शब्द नव्हते.

"प्रसन्नला दुसरं हवंय," ती म्हणाली. "हसरं. शाळेसाठी. तेही आहे माझ्याकडे, करता येईल. तू सांग."

"कसलं हसरं? ते बघितलंय मी, त्यानं दाखवलं. ते कुणाचं तोंड आहे?" आईचा आवाज एकदम शाळेतल्या बाईंसारखा झाला. "वर्षभर चहा पाजताना त्या बाजूनं ओघळ यायचा, तो मी पुसलाय. त्याच तोंडानं ते शेवटच्या महिन्यापर्यंत गल्लीतल्या पोरांना भूमिती शिकवत होते. पोरांना काही वाटत नव्हतं, यांनाच वाटायचं. हेच पाठव."

"नक्की?"

"पाठव म्हणते ना. फक्त..." आई थांबली.

"काय?"

"कोपरा जरा जास्त खाली घेतलायस. तो मुंजीतला फोटो संध्याकाळचा, दमले होते ते. सकाळी एवढा नसायचा. सकाळी तोंड धुऊन आले की जवळजवळ सरळ असायचा, बोलायला लागले की मग कळायचं."

मेधानं पेन उचललं. चित्र मोठं केलं, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत.

"किती सरळ?" तिनं विचारलं. "आई, नीट आठवून सांग. किती?"