तेराव्या आठवड्याचं वाचन

रेश्माच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आता जगातले सगळे धर्म पंधरा आठवड्यांत, आठवड्याला दोन तास, असे बसवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार म्हणा! मलकापूरच्या त्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायची. 'जागतिक धर्मांची ओळख' हा नवा विषय दुपारी अभ्यास मंडळानं मंजूर केला तर तिचे तास राहणार होते, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून परत जतला.

तिनं आधी प्रत्येक धर्मापुढं तीन रकाने आखले: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. ख्रिस्ती, इस्लाम, शीख पटापट बसले. हिंदू धर्माच्या संस्थापकापाशी गाडी अडली ती अडलीच. यहुद्यांचा संस्थापक अब्राहम धरायचा का मोझेस? कन्फ्यूशियसला धर्मात घालायचं का तत्त्वज्ञानात? त्यात भर म्हणून स्टाफरूममधले सल्ले. विभागप्रमुख कृष्णात सर म्हणाले, "हिंदू धर्माला सहा आठवडे द्या." इतिहासाच्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "जैन आणि बौद्ध एकाच आठवड्यात? शोभतं का हे?" एकाला खूश करावं तर दुसऱ्याचं तोंड वाकडं! शेवटी तिनं रकाने पुसले, 'वाचन' असा एकच ठेवला आणि आठवड्याला वीसेक पानं ठरवली. थोडी मूळ ग्रंथातली, थोडी ओळख करून देणारी.

बैठकीच्या दिवशी सकाळी निघताना आई, रंगुबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "समद्यांचं देव घातलंस न्हवं? मग आपला बिरोबा कितव्या आठवड्यात हाय?"

"तेराव्यात लोकधर्म हाय, आये."

"म्हंजी आपला?"

रेश्मानं कागद पाहिला. तेराव्या आठवड्यात आफ्रिकेवरचा एक लेख होता, ऑस्ट्रेलियावरचा एक होता. धनगराच्या पोरीनं दोन खंड पालथे घातले आणि जत तेवढं राहून गेलं! तिला इतकी लाज वाटली की तिनं उभ्याउभ्याच दोन्ही लेख खोडले. पण त्यांच्या जागी लिहायचं काय? वडील, आप्पासो, होते तोवर मेंढरांमागं बिरोबाच्या ओव्या म्हणायचे. त्यातलं काही कधी कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. रकाना तसाच कोरा राहिला.

बैठकीत अध्यक्षांचं बोट नेमकं तिथंच थांबलं. "तेराव्या आठवड्याला वाचन नाही?"

"ऐकायचं आहे, सर. ओव्या."

"छापील साहित्य नसेल तर अभ्यासक्रमात कसं घेणार? काढून टाका तो आठवडा, बाकीचं मंजूर करू."

एवढं सोपं होतं! एक रेघ मारायची, की तास वाचले. रेश्मानं पेन उचललं. नजर वर गेली, तर तिसऱ्या आठवड्यात वेद. त्यांना श्रुतीच म्हणतात की. बुद्धाचं सांगणं भिक्षूंनी शेकडो वर्षं पाठ करून सांभाळलं, लिहिलं गेलं ते मागाहून. कुराण या शब्दाचा अर्थच पठण. आणि आपण या सगळ्यांची नुसती पानं मोजत बसलो! आता चूक तेराव्या आठवड्याची का बाकीच्या चौदांची, हेच तिला कळेना.

"सर, रकान्याचं नावच चुकलंय," ती चाचरत म्हणाली. "'वाचन आणि श्रवण' करते. पठण सगळ्याच धर्मांचं ऐकवू. तेराव्यात पोरं ओवी ऐकतील, उतरवून काढतील. दोघांच्या उताऱ्यात फरक पडला तर का पडला, ते लिहितील. त्यालाच गुण द्यायचे."

मग कृष्णात सरच म्हणाले, "एक वर्ष करून तर बघू." अध्यक्षांनी सही केली.

रेश्मा घरी आली ती उड्या मारतच. "आये, झालं! बिरोबा तेराव्या आठवड्यात. आप्पांची ओवी तूच म्हणायची, मी फोनवर घेते."

रंगुबाईचे हात परातीतच थांबले. "मला अर्धीच येती गं."

"आणि पुढची?"

"पुढची तुझं आप्पा तुला शिकवायचं म्हणायचं. 'रेश्मे, ये गं, माझ्यामागं म्हण,' अशी हाक मारायचं. तू पुस्तक घेऊन बसल्याली असायचीस. म्हणायचं, शिकू दे, शिकू दे तिला."

रेश्माला आठवलं. ती हाक आठवली, हातातलं पुस्तकही आठवलं. ओवीचा एक शब्द काही आठवेना. तिला रडू फुटलं. जगातल्या धर्मांची यादी करणारी बाई, आणि बापाची ओवी ऐकायला तिला सवड झाली नव्हती.

आईनं पिठाचा हात पदराला पुसला आणि तिच्याजवळ येऊन बसली. "रडू नगंस. जतला अर्जुना काका हाय अजून, आप्पांच्या संगं ओव्या म्हणायचा. त्याला इचारू."

"लगेच जायचं?"

"जाऊ की. पर आधी माझी अर्धी घे. म्हातारीचं काय सांगावं, उद्या पाव व्हईल."

रेश्मानं डोळे पुसले आणि फोन दोघींच्या मधे ठेवला. रंगुबाईनं घसा खाकरला, पण सुरू करायच्या आधी लेकीकडं बघून दटावलं.

"नुस्ती ऐकू नगंस. माझ्यामागं म्हण."