समोरच्या पट्ट्या

स्नेहलच्या गाऊनमध्ये पट्ट्या स्टीलच्याच घालायच्या, हे तिच्या आईनं पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं. लग्न सकाळी पांढऱ्या साडीत, बुद्धवंदना घेऊन होणार होतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र स्नेहलला मोत्यांचं काम केलेला, अंगासरशी बसणारा गाऊन हवा होता.

शरणपूर रस्त्यावर पहिल्या मजल्यावर ज्योत्स्नाचं शिवणाचं दुकान होतं. गेली अठरा वर्षं ती नवरीचे गाऊन शिवत होती. तिनं चोळी ताठ ठेवणाऱ्या दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि स्नेहलच्या आईला, लताबाईंना, हातात घेऊन बघायला सांगितलं.

"ही प्लास्टिकची. हलकी, स्वस्त, पण अंगाच्या उबेनं वाकते. ही चपटी स्टीलची, मागे दोरीच्या भोकांशेजारी घालतात. आणि ही स्प्रिंगसारखी विणलेली, तीही स्टीलचीच. ती अंगाच्या वळणाबरोबर वळते आणि परत सरळ होते. तुमच्या गाऊनचा खालचा घागराच साडेतीन किलोचा होईल. आत कमरेला एक घट्ट पट्टी लावते, घागऱ्याचं वजन ती घेते. नाहीतर सगळं वजन वरच्या चोळीवर येऊन ती खाली घसरते."

"मग सगळं स्टीलच घाला," लताबाई म्हणाल्या. त्या महापालिकेच्या शाळेत क्लार्क होत्या. एकदा ठरलं की ठरलं, अशा बाई. "दोन वर्षांपूर्वी हिच्या पोटाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून वाकून चालते. गाठ काढली, सगळं बरं झालं, पण सवय काही गेली नाही. त्या दिवशी तरी माझी मुलगी ताठ दिसू दे."

स्नेहल हसली. सव्वीस वर्षांची होती. कमर भरली सत्तावीस इंच.

तीन आठवड्यांनी ती मांजरपाटाचा कच्चा गाऊन घालून बघायला आली तेव्हा कमर सव्वीसच्या आत होती. "डाएट बास कर आता," लताबाई तिला तिथंच रागावल्या. पुढच्या खेपेला साडेचोवीस. त्या दिवशी ती एकटीच आली होती.

कच्च्या गाऊनमध्ये ज्योत्स्नानं स्टील घातलं होतं. आतली कमरपट्टी आवळून तिनं हुक लावला आणि मागची दोरी ओढायला घेतली. तशी स्नेहलनं टेबलाची कड धरली.

"मावशी, थांबा."

"घट्ट झालं?"

"सोडा. लवकर सोडा."

ज्योत्स्नानं हुक काढला. स्नेहल खुर्चीत बसली, उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून. कपाळावर घाम आला होता. ज्योत्स्नानं पाणी दिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहिली.

"प्लास्टिक घालता येईल का?" स्नेहलनं विचारलं.

"येईल. पण एवढं वजन ते पेलणार नाही. तुला काय होतंय, ते सांगशील?"

स्नेहलनं ग्लास खाली ठेवला. "परत आलंय. यकृतात. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवू, पण फार तर काही महिने. सुयशला माहीत आहे. त्याला म्हटलं, लग्न मोड. तो म्हणाला, तारीख बदलायची नाही."

"आणि आई?"

"बाबा गेल्यापासून तिनं एकटीनं सगळं केलंय. ऑपरेशनच्या वेळी ती सहा महिने नीट झोपली नव्हती. लग्न होऊ दे मावशी. तिला एवढा एक दिवस मिळू दे. लग्नानंतरच्या आठवड्यात मीच सांगणार आहे. तुम्ही नाही ना सांगणार?"

ज्योत्स्ना नाही म्हणाली. म्हणताना तिला बरं वाटलं नाही. लताबाई आपल्याच वयाच्या, त्यांच्याजागी आपण असतो तर, हा विचार तिच्या मनातून जाईना. पण अंग स्नेहलचं होतं.

तिनं गाऊन उसवला आणि नव्यानं मांडला. घागरा चोळीपासून वेगळा केला. त्याला रुंद पट्टा लावून तो खाली कमरेच्या हाडांवर बसवला. वजन घेणारी पट्टीही चोळीतून काढून त्या पट्ट्यालाच लावली, म्हणजे बरगडीखाली काहीच आवळणार नव्हतं. आतल्या जाळीचे तीन थर कमी केले. चोळीत स्टील ठेवलं ते फक्त मागे, भोकांच्या दोन्ही बाजूंना. तिथं ते नसतं तर दोरी ओढताच कापड गोळा झालं असतं. समोर आणि कुशीला प्लास्टिक. त्याची टोकं मेणबत्तीवर धरून गोल केली आणि वर मऊ सुती कापडाची टोपणं शिवली. उजव्या बाजूची एक पट्टी घातलीच नाही. मागे भोकांच्या दोन्ही कडांमध्ये मात्र फट जास्त ठेवली. दोरी अजून किती आवळावी लागेल, कुणाला ठाऊक होतं!

लग्नाच्या दोन दिवस आधी गाऊन न्यायला लताबाई आल्या. त्यांनी चोळी उलटसुलट करून पाहिली आणि समोरची पट्टी अंगठ्यानं दाबली. पट्टी वाकली.

"हे स्टील नाही."

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "मुंबईहून माल वेळेवर आला नाही. मागे स्टील आहे, पुढे प्लास्टिक घातलं. फरकाचे पैसे परत देते."

"पैशाचं कोण बोलतंय?" दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी माना वळवल्या. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? एकच गोष्ट सांगितली होती. माझ्या मुलीचं लग्न परत होणार आहे का? खोटारड्या आहात तुम्ही."

 'खोटारड्या' हा शब्द तर खराच होता. ज्योत्स्नानं गाऊन घडी न घालता लांब पिशवीत अडकवून दिला.

रिसेप्शनला दोरी बांधायला ती स्वतः गेली. भोकांच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या, तरी चोळी थोडी सैलच राहिली. स्नेहल आरशासमोर उभी होती, खांदे मागे घेऊन. "दुखतंय?" ज्योत्स्नानं कानाशी विचारलं. तिनं मान हलवली, नाही. बाहेर लताबाई पाहुण्यांना अभिमानानं सांगत होत्या, बघा, कशी ताठ उभी आहे.

साडेचार महिन्यांनी स्नेहल गेली. ज्योत्स्नाला ते एका गिऱ्हाइकाकडून कळलं. लताबाईंना भेटायला जावं, असं रोज वाटायचं आणि पाय उचलायचा नाही.

मग एका दुपारी लताबाईच आल्या. पिशवीतून त्यांनी चोळी काढून टेबलावर पसरली. उजवीकडे, कमरेच्या जरा वर, प्लास्टिकला कायमचा बाक आला होता.

"हे इस्त्रीनं जाईल का?"

"थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. ती खुर्चीवर त्या बाजूला कलून बसली असेल. उबेनं प्लास्टिक तसंच राहतं."

"हो. तशीच बसली होती. मी जाऊन दोनदा सांगितलं तिला, नीट बस म्हणून." लताबाईंनी त्या बाकावर बोट ठेवलं. "सुयशनं सगळं सांगितलं मला. तुम्हाला आधी माहीत होतं."

"हो."

"माझ्याआधी."

"हो, ताई."

"मी जन्म दिला तिला. आणि तिनं तुम्हाला सांगितलं."

"मी परकी होते, म्हणून सांगता आलं. तुमचा चेहरा बघून तिला नसतं सांगता आलं."

लताबाई स्टुलावर बसल्या. 

"माल आला नाही म्हणालात त्या दिवशी. मी इतकं बोलले, तरी गप्प राहिलात."

"तुम्हाला सांगायला हवं होतं की नको, मला अजून कळलेलं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "रोज वेगळं वाटतं."

"मलाही." मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा. त्या दिवशी तिला दुखत होतं का?"

ज्योत्स्नाला पुन्हा खोटं बोलवेना. "उभी होती तोवर नसावं. बसल्यावर दुखलं असेल. गाऊननं नाही पण. गाऊन तिला कुठंच लागत नव्हता, एवढं मी बघितलं होतं."

लताबाईंनी मान हलवली. चोळी सरळ करून ती परत पिशवीत ठेवताना त्यांनी बाक आलेली बाजू वर घेतली, दबू नये म्हणून. जिन्यापर्यंत ज्योत्स्ना त्यांच्याबरोबर गेली. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. मुलांच्या गर्दीतून वाट काढत, पिशवी दोन्ही हातांत धरून लताबाई रिक्षाकडे गेल्या.