फक्त परीक्षेच्या कामापुरता अपघात

माझी फेरपरीक्षा झाली, मी त्रेपन्न मार्कांनी पास झालो आणि मंडीदीपच्या नोकरीवर वेळेत रुजूही झालो. पण ही परीक्षा ज्या कारणासाठी घेतली गेली ते कारण आता कागदोपत्री शिल्लक नाही. तेव्हा मी पास झालेलो नाही असं धरून वाचावं. मलाही तसंच धरून सांगावं लागणार आहे.

बावीस एप्रिलला सकाळी दहा वाजता माझा डिप्लोमाचा शेवटचा पेपर होता. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. कोणत्या वस्तूवर किती भार आला की ती मोडते, असा हा विषय. नऊ चाळीसला मी कारखान्याच्या मुख्य गेटसमोरून सायकलने चाललो होतो. टाउनशिपमधून पॉलिटेक्निकला जायला दुसरा रस्ता नाही.

गेटवर एक मोठा फलक आहे. ‘दुर्घटना रहित दिवस’ असं लिहिलेलं, खाली तीन हुक आणि हुकांना आकड्यांच्या लोखंडी पट्ट्या. त्या दिवशी ९९१ होते. एक मेला, म्हणजे कामगार दिनालाच, हजार भरणार होते आणि तोपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की हजाराला चार हुक लागतात. म्हणून गेटवरचा कर्मचारी सुधाकर शिडीवर चढून चौथा हुक बसवत होता. हुक बसला की नाही हे बघायला त्याने हजारातला एकचा आकडा टांगून पाहिला. हुक बसला नव्हता.

तो एक माझ्या उजव्या मनगटावर पडला.

“लागलं का रे?” सुधाकरने वरून विचारलं.

“मोडलं बहुतेक.”

“पट्टी?”

“मनगट.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. “पट्टी एकच आहे.”

दहा वाजता मित्र पेपर सोडवत होते आणि मी टाउनशिपच्या हॉस्पिटलात प्लास्टर घालून घेत होतो.

तिसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन परीक्षा कक्षात गेलो. तिथे रत्नप्रभाबाई बसतात. मूळच्या नागपूरच्या, नियम तोंडपाठ, आवाज कधी वर नाही, कधी खाली नाही.

“पेपर बुडाला की अनुपस्थित लागतो,” त्या म्हणाल्या. “मग तो विषय पुन्हा नोव्हेंबरात.”

“बाई, जुलैच्या एक तारखेला मंडीदीपला रुजू व्हायचंय. मार्कलिस्ट घेऊन. नाहीतर जागा दुसऱ्याला.”

“मग फेरपरीक्षा. त्याला कारण लागतं. अपघात, हॉस्पिटलात भरती व्हावं लागेल असं आजारपण, आई किंवा वडिलांचा मृत्यू, नाहीतर त्याच वेळी दुसरी परीक्षा. दुसरी परीक्षा असेल तर आठ दिवस आधी अर्ज करावा लागतो, दोन्ही वेळापत्रकं आणि दोन्ही प्रवेशपत्रं जोडून. अपघाताला आधी अर्ज लागत नाही.”

“ही सोय चांगली आहे.”

त्या हसल्या नाहीत. “तीन कामाच्या दिवसांत अर्ज. तो तू आज दिलास. सात दिवसांत पुरावे. ओपीडीची चिठ्ठी, तारीख आणि वेळेसकट. डॉक्टरचं प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांकासकट. आणि अपघात झाल्याचा दाखला, पोलिसांचा किंवा जागा ज्यांची त्यांचा. एकोणतीस तारीख, पाच वाजेपर्यंत. सहा वाजता आणलंस तर मी घेईन, पण घेतलं असं म्हणणार नाही.”

मी ओपीडीची चिठ्ठी तिथेच दिली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

“हे भालचंद्र देवपुजारी कोण?”

“बाबा.”

“मनगट त्यांचं मोडलंय.”

मी चिठ्ठी पाहिली. आमच्या हॉस्पिटलात घरच्या सगळ्यांचे उपचार नोकरी करणाऱ्याच्या टोकन नंबरावर होतात. त्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. टोकन टाकलं की तो नाव स्वतःच छापायचा आणि ‘नाते’ या रकान्यात आपोआप ‘स्वतः’ लिहायचा. डॉक्टरांनी प्रमाणपत्रही चिठ्ठी बघूनच लिहिलं होतं. म्हणजे माझ्या गळ्यात हात अडकवलेला होता आणि फ्रॅक्चर बाबांना झालं होतं.

“वडिलांच्या अपघातावर मुलाला फेरपरीक्षा नाही,” बाई म्हणाल्या. “मृत्यू असता तर होती. वडील आहेत ना?”

“आहेत.”

“मग अवघड आहे.”

हॉस्पिटलच्या खिडकीवर सरोजताई होत्या. त्यांच्याकडे नाव बदलून मागितलं.

“दुरुस्तीचा अर्ज बाबांनी द्यायचा, त्यांच्या खात्यामार्फत. पंधरा दिवस लागतात.”

“बाबांच्या हाताला काही झालेलं नाही, हे तुम्हाला दिसतंय ना?”

“मला दिसतंय रे. मशीनला दिसत नाही.”

पोलीस चौकीत हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, “भैया, गेट कारखाने का, बोर्ड कारखाने का, सीढ़ी कारखाने की. हम क्या लिखें, सिर्फ़ हाथ तुम्हारा?”

राहिले नरहर टेंभेकर. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. बाबांच्या ओळखीचे, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारे. त्यांच्या टेबलावर हजाराव्या दिवसाच्या समारंभाची पत्रिका होती, पाठीमागे शालींचं खोकं.

“काका, अपघाताचा दाखला हवा होता.”

‘अपघात’ हा शब्द ऐकून त्यांनी आधी दार लावलं.

“कुणाचा?”

मी हात दाखवला. त्यांनी छापील अर्ज काढला, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. “टोकन नंबर सांग.”

“मी कामगार नाही, काका.”

“मग झालं तर. टोकन नाही म्हणजे अपघात नाही.” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “तुला लागलं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वाईट वाटतं. पण लागणं वेगळं आणि अपघात वेगळा.”

“मग काय झालं असं लिहून द्याल?”

त्यांनी बराच विचार केला. “पट्टी खाली आली. तू तिथे होतास.”

“एवढं तरी द्या.”

“एक तारखेनंतर. अख्खा फलक दिल्लीचे साहेब बघणार आहेत, उदय. नऊशे त्र्याण्णव दिवस मी नीट झोपलेलो नाही. तू एक आठवडा थांब.”

“एकोणतीस शेवटची तारीख आहे.”

“एक तारीख तर एकोणतीसनंतर दोनच दिवसांनी येते,” ते म्हणाले, आणि याने माझं समाधान होईल असं त्यांना मनापासून वाटलं.

घरी बाबा जेवत होते. मी सगळं सांगितलं. ते फिटर, अठ्ठावीस वर्षं हातांनी काम करणारे. त्यांनी आपलं उजवं मनगट फिरवून पाहिलं.

“दुखत तर नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही गंमत करताय आणि तिकडे माझी नोकरी चाललीय.”

“मी गंमत करत नाहीये. कागदावर आहे म्हणालास म्हणून बघितलं.”

पुढचे दिवस मी मंडीदीपचं पत्र रोज उघडायचो. जुलैची एक तारीख काही हलली नाही.

पण हॉस्पिटलची एक पद्धत होती, जी आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. दर सोमवारी ते जखमी कामगारांची यादी सुरक्षा विभागाला पाठवतात. अठ्ठावीस तारखेच्या सोमवारी टेंभेकरांच्या टेबलावर यादी आली. यादीत एकच नाव होतं. भालचंद्र देवपुजारी, फिटर. बावीस एप्रिल, सकाळी नऊ चाळीस. उजवं मनगट, अस्थिभंग.

नऊ चाळीसला बाबा ड्यूटीवर होते. ड्यूटीवरच्या कामगाराचं हाड मोडलं की फलक त्याच दिवशी शून्यावर जातो. म्हणजे हिशेबाने आता गेटवर सहा दिवस असायला हवे होते, आणि समारंभ तर नवव्याचा.

टेंभेकर धावत वर्कशॉपमध्ये आले. बाबा तेव्हा दोन्ही हातांनी पान्यावर झुकले होते.

“भालचंद्रराव, हात वर करा!”

सगळ्या वर्कशॉपने हात वर केले.

“मनगट फिरवा.” बाबांनी फिरवलं. “दुसरं.” तेही फिरवलं. टेंभेकर तिथल्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

“नरहरराव, मोडलंय ते उदयचं,” बाबा म्हणाले. “पण त्याला तुमचा दाखला मिळत नाही. म्हणून सध्या ते माझ्याकडे आहे.”

बाबा आयुष्यात एवढं लांब वाक्य साहेबासमोर कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी साडेसहाला टेंभेकर आमच्या क्वार्टरवर आले. पंधरा दिवसांची दुरुस्ती त्यांनी दुपारच्या चहाआधी करून आणली होती. सरोजताईंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं, बस. चिठ्ठीवर माझं नाव, नाते ‘मुलगा’. डॉक्टरचं प्रमाणपत्र नवं, नोंदणी क्रमांकासह. आणि सुरक्षा विभागाचा दाखला, शिक्क्यासकट:

‘दाखला देण्यात येतो की, दिनांक २२ एप्रिल रोजी सकाळी ९.४० वाजता मुख्य गेटबाहेर लोखंडी पट्टी पडून उदय देवपुजारी (विद्यार्थी, कामगार नव्हे) यांचा अपघात झाला. हा अपघात फक्त परीक्षेच्या कामापुरता झाला असे समजावे.’

“हे शेवटचं वाक्य कशाला?” आईने विचारलं.

“वहिनी, ते वाक्य नसतं तर मी बाकीची लिहिली नसती.”

जाताना दारात वळून म्हणाले, “आणि उदय, एक तारखेला जरा घरातच राहा. ते प्लास्टर फार पांढरं आहे.”

एकोणतीसला चार वाजता रत्नप्रभाबाईंनी तिन्ही कागद वाचले. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “आम्हालाही तो तेवढ्याच कामापुरता हवा आहे.”

एक मेला हजार दिवस साजरे झाले. चौथा हुक पक्का निघाला. पेढे आमच्या घरीही आले. फलकावरचा डावीकडून पहिला एक मी गच्चीवरून ओळखला.

अकरा जूनला फेरपरीक्षा झाली. प्लास्टर निघालेलं होतं. त्याच अभ्यासक्रमावर वेगळा पेपर. हॉलमध्ये आम्ही दोघंच. मी आणि वर्गातली सुचेता. तिची स्टेनोग्राफीची बोर्डाची परीक्षा बावीसलाच, त्याच वेळी आली होती. तिने आठ दिवस आधी दोन वेळापत्रकं, दोन प्रवेशपत्रं दिली होती. एका खेपेत काम.

“तुझं बरं आहे,” ती म्हणाली. “मला आधीपासून काळजी करावी लागली.”

पहिलाच प्रश्न होता, वरून पडणाऱ्या वस्तूने येणाऱ्या भाराचा. मी बघून लिहिल्यासारखा लिहिला.

निकाल लागला, मी मंडीदीपला रुजू झालो. आणि जुलैत सुरक्षा विभागाने परीक्षा कक्षाला पत्र पाठवलं: काम संपले असल्याने दाखला परत करावा. रत्नप्रभाबाईंनी नियम पाहिला, परत करू नये असं कुठेच नव्हतं, त्यांनी परत केला. माझ्या फाईलमध्ये ‘कारण’ या रकान्यात आता एक रेघ आहे. मंडीदीपच्या वैद्यकीय अर्जात ‘पूर्वी हाड मोडले आहे काय?’ असा प्रश्न होता. मी ‘अंशतः’ लिहिलं.

थंडीत मनगट दुखतं. सगळ्याच कामांपुरतं दुखतं. म्हणून काल मी खालील अर्ज टेंभेकर काकांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली.

‘मा. सुरक्षा अधिकारी यांस, सविनय अर्ज की, माझा अपघात परीक्षेच्या कामापुरता झाला होता व ते काम संपले आहे. तरी माझे मनगट अद्याप तो झाल्यासारखे वागत आहे. सबब विनंती की, मुख्य गेटवरील फलक दर वर्षी २२ एप्रिल रोजी सकाळी ९.४० ते ९.४५ या वेळेत, फक्त माझ्या कामापुरता, शून्यावर आणावा व त्यानंतर पूर्ववत करावा. शिडी धरण्यास अर्जदार स्वखर्चाने हजर राहील. खाली उभा राहणार नाही. कळावे, ही विनंती.’