यादीत नसलेली खिडकी

नोटिशीत सात घरांचे क्रमांक होते. पडद्यासमोरच्या खिडक्या मात्र आठ होत्या.

चष्मा पुसून त्याने पुन्हा मोजले. सातच. जिन्याखालच्या फलकावरचा मजकूर बाकी चोख होता – सणांच्या संध्याकाळी आणि सामन्यांच्या वेळी पंपघराच्या भिंतीवर सामायिक मोठा पडदा. अंधार पडल्यावर सुरुवात, दहाला आवाज बंद. आणि ‘पुढील घरांनी त्या वेळेत चौकाकडील खोलीतले दिवे मालवावेत’.

मागणी शास्त्राला धरून होती. प्रकाशमापनाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ती पटलीच. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातला काळोख म्हणजे पडद्याचा स्वतःचा काळोख. त्यावर शेजारच्या ट्यूबचा उजेड सांडला, की काळ्याचे राखाडी होते आणि खेळाडूंचे चेहरे पुसट होतात... मग त्याच्या तीनशे दोनलाच सूट का? खिडकी पडद्याच्या बरोबर समोर. मध्ये झाड नाही, आडोसा नाही. टंकनदोष? की सोसायटीच्या गेल्या सभेत त्याने टाकीचा हिशेब चुकीचा ठरवला, त्याचा राग?

सेक्रेटरीबाई हातावर वायर गुंडाळत आल्या.

“काका, शनिवारी ट्रायल आहे. या हं! नाहीतर म्हणाल, कुणी बोलावलंच नाही.”

“माझं घर गाळलंय तुम्ही.”

“गाळलं कुठे? दोन आठवडे रोज पंपघरापाशी उभ्या होतो आम्ही, चोर पकडायला उभं राहावं तशा! ज्याचा उजेड भिंतीवर आला, त्याचा नंबर लिहिला. तुमच्याकडे दिवा कधी दिसलाच नाही. म्हटलं, काका हल्ली लेकाकडेच असतात.”

“इथेच होतो.”

“अगं बाई...” वायरचा वेढा सुटला. “म्हणजे, बरंच की. तुम्हाला काही करायलाच नको.”

पद्धत निर्दोष होती, जिना चढताना त्याला कबूल करावे लागले. तर्क न लढवता त्यांनी निरीक्षण केले होते. त्यानेही तेच केले असते. आणि निरीक्षणाचा निष्कर्ष असा की त्या घरात कुणी राहत नाही...

चौकाकडची खोली बायकोची. सामना असला की ती तिथे आवाज चढवून बसे, आणि मागच्या खोलीतून हा ओरडे – हळू कर जरा! “एकदा येऊन बस ना, आभाळ कोसळत नाही,” ती म्हणे. तो गेला नव्हता. ती गेल्यावर त्याने स्वयंपाकघर आणि मागची खोली एवढ्यातच बस्तान हलवले. पुढची ट्यूब गेली असावी, असे त्याने लेकाला फोनवर सांगितले होते. ते त्याला स्वतःलाही खरे वाटत आले होते.

त्याने बटण दाबले. खोली लख्ख उजळली. बाहेर अंधारलेल्या पंपघराच्या भिंतीवर उजेडाचा एक फिका चौकोन पडला.

ट्यूब शाबूत होती. तीन वर्षे त्याने ती लावली नव्हती, कारण लावली असती, तर खोली रिकामी दिसली असती.