मधला हात

“आधी धाकट्याचा हात धर, मग माझा सोड. मधे कुणी सुटायचं नाही.”

घाटकोपरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला उभं राहून पप्पा हे सांगायचे तेव्हा चेतना सहा-सात वर्षांची होती. ट्रक जायचे, रिक्षा जायच्या, धुरळा तोंडात यायचा. पप्पांच्या एका हातात चेतना, दुसऱ्या हातात आई, आणि धाकटा विकी कायम कुठेतरी मागे, शेंगा विकणाऱ्याकडे टक लावून. त्याला मधे घ्यायचं तर आधी चेतनाने विकीचा हात धरायचा, मगच पप्पांचा सोडायचा, आणि पप्पांनी विकीचा दुसरा हात धरायचा. चंपा, तिची आई, गंमत म्हणून रस्ता ओलांडता ओलांडता गुणगुणायची:

“हातात हात माझ्या, लेकरांची गं माळ
मधलं सुटलं तर सांगा, कोण करील सांभाळ”

आई जाऊन बरीच वर्षं झाली. विकी नाशिकला असतो आणि फोनवर “बोल” यापलीकडे फारसं बोलत नाही. पप्पांचा आवाज मात्र तिच्या कानात तसाच राहिला होता, फिटरच्या हातासारखा खरखरीत. आज सोमवारी दुपारी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, मोबाइलवरच्या एका फोटोसमोर बसली असताना, तो आवाज पुन्हा आला.

शनिवारी पप्पा डायलिसिस न होताच घरी परतले होते.

“नाव आलंच नाही गं स्क्रीनवर,” ते म्हणाले होते. “बसलो, बसलो, मग उठलो.” आणि तोंड भिंतीकडे करून झोपले. रविवारी त्यांच्या पायांना सूज चढली. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायचा नाही. सोमवारी सकाळी जिना चढताना ते दोनदा थांबले. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी रक्त धुवून घेणाऱ्या माणसाची एक खेप चुकली म्हणजे काय होतं, हे चेतनाला कोणी सांगायची गरज नव्हती.

मुलुंडच्या त्या डायलिसिस केंद्रातली स्क्रीन तिच्याच कंपनीची. कंपनी म्हणजे हर्षद, ती, आणि पंख्याखाली ठेवलेल्या, अशा स्क्रीन चालवणाऱ्या डझनभर उघड्या पेट्या. खाट रिकामी झाली की पुढचं नाव स्क्रीनवर लागायचं. नावं साखळीने ठेवलेली असायची, प्रत्येक नावाला फक्त पुढच्या नावाचा पत्ता ठाऊक. तातडीचा रुग्ण आला तर मधे घालायचा, कोणी गेला तर मधून काढायचा. हा भाग चेतनाने लिहिला होता. नोकरी सोडून गेलेल्या सुयोगने जाता जाता फळ्यावर आकृती काढून दिली होती, तिने मोबाइलने फोटो घेतला होता, आणि त्या फोटोवरून कोड.

“माझ्या कोडने पप्पांचं नाव हरवलं, हर्षद.”

“पक्कं माहीत आहे तुला?”

“दुसरं काय असणार?”

हर्षदने खुर्ची ओढली. तो बोलायला फटकळ, पण कामात वाघ. “मग असं कर. जुना कोड उघडूच नकोस. फोटो घे आणि पहिल्यापासून नवीन लिही, जणू कधी लिहिलंच नव्हतं. मग दोन्ही शेजारी ठेव. जिथे फरक, तिथे चोर. जुन्याकडे बघत चूक शोधलीस ना, तर डोळे तीच चूक पुन्हा वाचतात.”

म्हणून ती फोटो घेऊन बसली होती.

फळ्यावर चौकोन, चौकोनांतून निघणारे काळे बाण. जे बाण तुटायचे त्यांच्यावर लाल फुल्या. जे नवे जुळायचे ते तुटक रेषांचे, आणि शेजारी गोलात आकडे. वरच्या आकृतीत नवा चौकोन मधे घालायचा होता. गोलातला एक नव्या चौकोनाकडून पुढच्याकडे जाणाऱ्या बाणावर, गोलातला दोन आधीच्याकडून नव्याकडे येणाऱ्या बाणावर.

तिने लिहिलं: नव्याचा पुढचा तोच, जो आधीच्याचा पुढचा. मग दुसरी ओळ: आधीच्याचा पुढचा आता नवा.

आधी धाकट्याचा हात धर, मग माझा सोड. ओळी उलट केल्या तर आधीचा चौकोन नव्याकडे वळतो, पुढच्यांचा पत्ता कोणाकडेच उरत नाही, आणि नवा स्वतःलाच धरून बसतो. मागची सगळी रांग हवेत. इथे तरी सुयोगचे आकडे बरोबर होते, तिच्या ओळीही.

खालच्या आकृतीत मधला चौकोन काढायचा होता. आधीच्याचा बाण मधल्याला वळसा घालून पुढच्यावर. काढलेल्याला टाकून देण्याआधी त्याच्याकडचा पुढचा पत्ता घेऊन ठेवायचा, नाहीतर टाकलेल्या माणसाच्या खिशात हात घालावा लागतो. तेही तिने लिहिलं.

मग कोपरे, म्हणजे क्वचितच घडणारे प्रसंग. रांग रिकामी असेल तर काढायचं काही नाही, गुपचूप परत. पहिलंच नाव काढायचं तर त्याच्याआधी कोणी नाही, म्हणून रांगेचं टोकच पुढे सरकवायचं. मागितलेलं नाव रांगेत नसेल तर काहीही हलवायचं नाही. आणि शेवटचं नाव काढलं तर?

इथे ती थांबली. फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा झोत पडला होता. मागच्या वेळी तिने तो कोपरा रिकामा धरला होता. आता तिने फोटोचा उजेड कमी केला, आणखी कमी केला, आणि पांढऱ्यातून तुटक बाणाचं एक बोथट टोक वर आलं. त्याच्याशेजारी सुयोगच्या तिरक्या अक्षरात ‘शेवट’.

बाण होता. शेवटचं नाव काढलं तर ‘शेवट’ ही खूण त्याच्या आधीच्या नावावर मागे सरकवायची होती.

तिने जुना कोड उघडला. त्यात ती ओळ नव्हती.

“सापडला!” ती ओरडली. “हर्षद, इकडे ये, सापडला चोर!”

दोघांनी कागदावर करून बघितलं. दोन नावं, शेवटचं काढा. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. पण ‘शेवट’ अजून काढून टाकलेल्या नावाकडेच बोट दाखवतोय. आता नवं नाव आलं की ते त्या टाकलेल्याच्या मागे लटकतं, आणि रांगेतून कोणीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. एकुलतं एक नाव काढलं तर मात्र वाचतं, कारण रांग रिकामी असली की कोड दोन्ही टोकं नव्याने लावतो. म्हणूनच चाचणीत कधी पकडलं गेलं नाही.

“वाट लागली होती,” हर्षद हळूच म्हणाला. “लगेच बदल. मुलुंडला आजच पाठवू.”

चेतना हसत होती. स्वतःचीच चूक सापडून माणूस इतका सुखावतो हे तिला पहिल्यांदा कळलं. उद्या मंगळवार. उद्या पप्पांचं नाव लागेल. चूक होती, चूक दुरुस्त होते. तिने ओळ घातली, सगळे कोपरे पुन्हा चालवून बघितले, आणि नंदाताईंना फोन लावला. नंदाताई म्हणजे केंद्रातल्या तंत्रज्ञ, नावं त्याच भरायच्या.

“नंदाताई, शनिवारी रांगेतलं शेवटचं नाव काढलंत ना तुम्ही? आणि मग पप्पांचं घातलंत? तिथेच घोळ होता, आमचाच. माफ करा, आता नीट केलाय.”

पलीकडे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

“शेवटचं? नाही गं. शेवटी त्या भांडुपच्या बाई होत्या, त्यांचं झालं की व्यवस्थित.”

“म्हणजे पप्पा…”

“तुझे पप्पा मधे होते. त्यांच्यामागे दोघं होते. दोघांची नावं लागली.”

चेतनाने समोरच्या कागदाकडे पाहिलं. घालताना चूक झाली असती तर मागचे दोघंही गेले असते. शेवटाची चूक असती तर पप्पा शेवटी हवे होते. मागचे दोघं शाबूत, पुढचे शाबूत, फक्त मधला नाही. अशी गोष्ट एकाच वाटेने घडते, मधलं नाव कोणी काढलं तरच, आणि त्या वाटेवरचा तिचा कोड जुना असो की नवा, अक्षर न अक्षर बरोबर होता. आधीच्याने पुढच्याचा हात धरला होता. फट राहिली नव्हती. म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“ताई, शनिवारी एकूण किती नावं काढलीत?”

“एकच.”

“कोणाचं?”

नंदाताईंनी पलीकडे दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ते म्हणाले, लेक दुसरीकडे नेतेय, जवळच्या केंद्रात. मी विश्वास ठेवला गं. तू त्यांनाच विचार, बाळा.”

फोन ठेवल्यावर हर्षद उठला. त्याने तिची बॅग उचलून तिच्या हातात दिली. “जा तू. पेटीचं मी बघतो.”

रिक्षात बसून घाटकोपर येईपर्यंत ती एकच मागणं मागत राहिली: अजून एक कोपरा निघू दे, न तपासलेला. माझी आणखी एक चूक निघू दे. एकही निघाली नाही.

पप्पा खाटेवर उशांना टेकून बसले होते, आडवं झालं की धाप लागत होती म्हणून. डावा हात मांडीवर उताणा, डायलिसिसच्या सुया टोचून टोचून दोरीसारखी फुगलेली शीर. संध्याकाळचं ऊन खिडकीच्या जाळीतून त्यांच्या सुजलेल्या पावलांवर पडलं होतं.

“लवकर आलीस? सापडली का मशीनची गडबड?”

“सापडली.”

“मग काय तर! माझी लेक आहे,” ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

ती खाली जमिनीवर बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. शिरेत भुंगा अडकल्यासारखी थरथर चालली होती. अजून चालली होती.

“पप्पा, गडबड होती, पण ती तुमची नव्हती. तुमच्यापुढचे लागले, तुमच्यामागचे लागले. मशीनने तुमचं नाव नीट काढलं. कोणीतरी सांगितल्याशिवाय ते निघत नाही.”

बाहेर कुकरच्या शिट्ट्या झाल्या. शेजारच्या शकुमावशी कोणावर तरी ओरडल्या. पप्पांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मग तसाच राहू दिला.

“उद्या आपण जाऊ,” ती म्हणाली. “मी सुट्टी घेते. मी बसते तुमच्याजवळ पूर्ण वेळ. नाव मी घालते परत, पप्पा, मला येतं ते.”

“तुला येतं,” ते म्हणाले. “तुला सगळं येतं, चेतू. मशीनवर ढकलू नको. मीच सांगितलं नंदाला.”

“का?”

त्यांना श्वास गोळा करायला वेळ लागला.

“तिथे खाटेवर चार तास वर बघत पडतो ना, तेव्हा मी मोजत असतो की आज बरं वाटेल ते घरी पोचेपर्यंत तरी टिकेल का. हल्ली टिकत नाही. डॉक्टर बोलले नाहीत तुला, मीच नको म्हटलं होतं त्यांना. हृदय खचलंय. आता रक्त धुवूनही बरं राहत नाही गं.” ते थांबले. “मला नको आता. दमलो मी. तुझ्या तोंडावर बोलायची छाती झाली नाही, म्हणून स्क्रीनचं नाव घेतलं.”

चेतना आणखी जवळ सरकली. तिने त्यांची बोटं इतकी घट्ट धरली की त्यांनी कळवळून दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“विकीला बोलावून घे,” पप्पा म्हणाले. “आधी त्याचा हात धर.”