कोड नव्याण्णव

रुग्णांच्या फायलींतल्या माहितीला आकडी कोड देणं हे तिचं काम, म्हणून दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये तिला सगळे कोडबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. सात वर्षांत आतडं फुटून दाखल झालेल्या तीनशे बारा रुग्णांच्या ऑपरेशनला किती आणि का उशीर झाला, ते जुन्या फायली वाचून एक्सेलमध्ये भरायचं, असं सर्जरीच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी आधी तिलाच बोलावलं. डॉक्टर मंडळींनी स्वतः केलेली पहिली शीट तिनं उघडली आणि कपाळाला हात लावला. एका रकान्यात 'पुरुष', 'पु', 'एम'. वेळ कुठे 'सकाळी', कुठे 'दहाच्या सुमारास'. जिथे माहिती नाही तिथे चक्क शून्य.

"शून्य म्हणजे शून्य तास उशीर झाला असं होईल, डॉक्टर," ती म्हणाली. "माहिती नसणं वेगळं आणि उशीर नसणं वेगळं. माहिती नसेल तिथे नव्याण्णव."

मग तिनं नियम लिहिले. एक रुग्ण, एक ओळ. नाव नाही, फक्त अभ्यास क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, कुलूप लावून. एकही चौकोन रिकामा नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळानं. किती तास गेले ते हातानं लिहायचं नाही, सूत्रच काढेल. उशिराच्या कारणाला यादीतूनच निवडायचा आकडा: एक तपासण्या, दोन थिएटर रिकामं नाही, तीन नातेवाइकांची संमती, चार रुग्णाची तब्येत सांभाळणं, नव्याण्णव नोंद नाही. कारणं अनेक असली तर ज्यात सर्वांत जास्त वेळ गेला ते. नियम चार: आधी डॉक्टरांची नोंद पाहायची, तिथे नसेल तर सिस्टरची, तिथेही नसेल तर संमतीपत्र. आणि नियम अकरा: फाइल ओळखीच्या माणसाची निघाली तर हात काढून घ्यायचा आणि ती दुसऱ्याला द्यायची.

कागदावर आहे तेच भरायचं, मनाचं काही नाही. हे तिचं ब्रीद होतं. घरीही.

घरी ती आणि भाची, दोघीच. बाईंनी लग्न केलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ याच दवाखान्यात गेला. त्या वेळी बाई दुसऱ्या गावच्या दवाखान्यात रेकॉर्डलाच होत्या. तेराव्या दिवशी त्यांनी भावजयीला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "रात्रभर नवरा पोट धरून तळमळत होता आणि तू सकाळ व्हायची वाट बघत बसलीस?" भावजय काही बोलू लागली, पण तिचं ऐकायला कोणाला उसंत होती? घरातल्या माणसांनी माना डोलावल्या. महिनाभरात भावजय माहेरी गेली, अकरा वर्षांची पोर बाईंकडे राहिली, आणि बाई बदली मागून इथे आल्या. पोरीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याबरोबर रोज थोडंथोडं हेही पाजलं की तुझ्या आईनं उशीर केला. खोटं बोलते असं त्यांना कधी वाटलंच नाही. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा साक्षीदार लागत नाही.

आता भाची सतरा वर्षांची होती. गेल्या आठवड्यात तिच्या फोनवर आईचा निरोप आला होता: लांबच्या गावी नोकरी मिळाली आहे, जायच्या आधी रविवारी एकदा भेट. भाचीनं फोन आत्यापुढे धरला आणि म्हणाली, "तू सांगशील तसं."

आत्यानं अजून काही सांगितलं नव्हतं.

एकशे सत्त्याऐंशी क्रमांकाची फाइल मंगळवारी निघाली. वरचं नाव पाहून बाईंचा हात थांबला. नियम अकरा त्यांनीच लिहिलेला. तरी त्यांनी फाइल उघडली. कोणती बहीण मिटून ठेवेल?

डॉक्टरांच्या नोंदींत उशिराबद्दल चकार शब्द नव्हता. पण पहिल्याच पानावर होतं: पोटदुखी पहाटे पाचपासून. दाखल आठ चाळीस. रात्रभर नव्हे. पावणेचार तासही नव्हेत. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग सिस्टरच्या पानावर आल्या. बारीक, सुबक अक्षर होतं.

'१०.०५. तपासण्या पूर्ण. ऑपरेशन तातडीचे, डॉक्टरांनी समजावले. रुग्ण गुंगीत. पत्नी सही करण्यास तयार. १०.२०. रुग्णाच्या बहिणीचा फोन. ती स्वतः दवाखान्यात रेकॉर्डला आहे असे सांगते. मी येईपर्यंत कोणीही सही करायची नाही, केली तर बघून घेईन, अशी तिची धमकी. इतर नातेवाईक बहिणीच्या बाजूने, वॉर्डात भांडण. १२.३०. पत्नी पुन्हा सहीसाठी आली, नातेवाइकांनी कागद हिसकावला. १६.३०. बहीण आली. १६.४५. बहिणीची सही.'

थिएटरमध्ये सतरा वीसला नेलं. तिसऱ्या दिवशी गेला.

बाईंना तो फोन आठवत होता, पण वेगळा आठवत होता. आपण धावत आलो, लगेच सही केली, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. मधले सहा तास त्यांनी कधी मोजले नव्हते. दुसऱ्याचा उशीर मात्र त्या सहा वर्षं मोजत होत्या. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. पण खुर्ची होती तिथेच होती आणि कर्सर कारणाच्या चौकोनात लुकलुकत होता.

यादी उघडून त्यांनी नव्याण्णव निवडलं. नोंद नाही.

आयुष्यातला पहिला खोटा आकडा तो. फाइल मिटून त्यांनी चहा घेतला, आणि चहा गोड लागला, हेही सांगायला हवं.

भीती एकच होती. दर पाचातली एक फाइल चिठ्ठी काढल्यासारखी निवडून दुसऱ्या माणसानं पहिल्याचे आकडे न बघता पुन्हा भरायची, हाही बाईंचाच आग्रह. ही दुसरी भरणारी म्हणजे चष्मेवाली निवासी डॉक्टर, वाळकी, सदा झोपेनं तारवटलेली. तिनं निवडलेल्या त्रेसष्टांत एकशे सत्त्याऐंशी होता. तिला द्यायच्या झेरॉक्सवरची नावं बाईच काळ्या शाईनं बुजवायच्या. त्यांनी भावाचं नाव सात ठिकाणी बुजवलं, संमतीपत्रावरची स्वतःची सहीही. सिस्टरचं पान काढून टाकावं असं एकदा मनात आलं, पण पानांवर क्रमांक होते. जाऊ दे, म्हणाल्या, सिस्टरचं पान वाचतं कोण?

ती पोरगी वाचत होती.

शुक्रवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसले. दोन्ही शीट शेजारी लावलेल्या, सूत्रानं जुळवलेल्या. जिथे आकडे वेगळे तिथे चौकोन पिवळा. सगळ्या शीटमध्ये पिवळे चौकोन नऊच. डॉक्टर खूश झाले. "कमाल आहे बाई! शुद्ध सोनं आहे तुमचं काम." आठ चौकोन पटापट मिटले.

"एकशे सत्त्याऐंशी," चष्मेवाली म्हणाली. "उशिराचं कारण. बाईंचं नव्याण्णव, माझं तीन."

"डॉक्टरांच्या नोंदीत काही नाही," बाई म्हणाल्या. आवाज बेताचा होता.

"नाहीये, म्हणून मी सिस्टरची नोंद घेतली. नियम चार. तुम्हीच शिकवलंत ना?"

"फोनवरचं बोलणं आहे ते. ऐकीव."

"ऐकीव कसं? सिस्टरनं वेळ टाकून लिहिलंय. संमतीपत्रावरही चार पंचेचाळीसच आहे." तिनं झेरॉक्स पुढे सरकवली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "बायको तयार होती?"

"दोनदा आली सही करायला."

"मग आपल्या लोकांनी हात का आखडला? तिची सही चालली असती."

"वॉर्डात भांडण पेटलं होतं, सर. मार खायला कोण पुढे होणार?"

"आणि ही बहीण रेकॉर्डला! म्हणजे अडाणीसुद्धा नाही." डॉक्टर हसले, कडवट हसले. "आतडं फुटून सहा तास चाळीस मिनिटं. काय बाई आहे! भावाला हातानं मारलं आणि वर पहिल्या दिवसापासून बायकोला बोल लावला असेल. मी पैज लावतो. असे नातेवाईक पाहिलेत मी ढीगभर." मग ते बाईंकडे वळले. "तुमच्याच लाइनमधली हो. ओळखीची तर नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"बरं. तीन करा."

दुरुस्ती करायची तर बदलांच्या पानावर नोंद करावी लागे: क्रमांक, रकाना, जुना आकडा, नवा आकडा, कोणी, कधी, का. हाही नियम त्यांचाच. बाईंनी नव्याण्णव खोडून तीन टाकला. पिवळा चौकोन पांढरा झाला. मग 'का' या रकान्यात, दोघं बघत असताना, त्यांनी टाइप केलं: पहिल्या कोडरनं नोंद नीट वाचली नाही.

"होतं असं," चष्मेवाली समजुतीनं म्हणाली. "तीनशे फायली म्हणजे डोळे फुटतात." तिच्या त्या समजुतीचा बाईंना इतका राग आला की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

संध्याकाळी घरी भाचीनं भात लावला होता. बाई हातपाय धुऊन बसल्या. वाटभर त्यांनी ठरवलं होतं, सांगायचं. वाक्यही जुळवलं होतं: बाळा, आईची चूक नव्हती. एवढंसं वाक्य. त्याच्या पुढे काय होईल तेही दिसत होतं. पोर उठेल, बॅग भरेल, त्या लांबच्या गावी जाईल. या दोन खोल्यांत मग एक माणूस उरेल आणि ते माणूस कोण आहे हे त्यांना आता ठाऊक होतं.

भाची फोन घेऊन समोर बसली. "आत्या, आईला उत्तर द्यायचंय. रविवार परवावर आला." ती थोडी अडखळली. "एक विचारू? रागावू नकोस. आई नेहमी म्हणते की तिनं वेळेत नेलं होतं. तू तर त्याच दवाखान्यात आहेस. बाबांची फाइल कधी बघितलीस का?"

"बघितली," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"याच आठवड्यात."

पोर पुढे सरकली. तिच्या डोळ्यांत आशा होती, स्वच्छ दिसत होती. आई सुटावी एवढीच आशा. बाईंनी ती पाहिली.

"मग? काय लिहिलंय?"

"रात्रभर घरी ठेवलं, असंच लिहिलंय."

"कागदावर आहे?"

"कागदावर आहे."

भाचीचा चेहरा हळूहळू मिटला. आत्या मनाचं कधी बोलत नाही, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तिनं मान खाली घातली आणि टाइप करत मोठ्यानं वाचलं, "आत्यानं फाइल स्वतः पाहिली आहे. मी येणार नाही. पुन्हा निरोप पाठवू नकोस." मग तिनं वर पाहिलं. "बरोबर लिहिलंय ना? काही बदलायचंय?"

"नाही," बाई म्हणाल्या.

पोरीनं निरोप पाठवला, बाहीनं डोळे पुसले आणि आत्याच्या गळ्यात हात टाकला. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" म्हणाली, आणि भात वाढायला उठली.