पुसलेले सात मेसेज

बोईसरला आम्ही कारखान्यांचे गणवेश शिवतो. सून वैभवी चार दिवस माहेरी गेली तेव्हा कामाचा मोबाईल माझ्याकडे आला. जाताना तिने बजावलं होतं, "आई, नमस्कार, कामाचं एक वाक्य, धन्यवाद. बास."

पण समोर निघाला कृष्णकांत, माझ्या जुन्या शेजारणीचा, जयवंतीचा मुलगा. मुरबे गावात आमची भिंतीला भिंत होती. आता तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. त्याने लिहिलं, "नमस्कार मावशी. चाळीस जोड बुधवारी मिळतील का?"

एवढंच. मी मात्र त्याच्या आईच्या हातचं बोंबलाचं कालवण, वाळत्या जाळ्यावर नाचल्याबद्दल त्याने खाल्लेला मार, सगळं लिहीत सुटले. सात मेसेज. शेवटचा असा: "आपलं माणूस म्हणून तू काम दिलंस, विसरणार नाही." बुधवारचं राहूनच गेलं.

संध्याकाळी त्याचा स्वतःच्या फोनवरून कॉल आला. आवाज दबका.

"मावशी, तो फोन स्टोअरचा हाय. आमी तिघं वापरतो. तीन कोटेशनं मागवून तुमचा दर कमी म्हणून काम दिलं. आता सायबांनी वाचलं तर?"

माझे कान तापले. त्याला न विचारता मी सातही मेसेज दोन्हीकडून पुसून टाकले. लहानपणी पाटी पुसायचो तसं वाटलं, पुसलं की गेलं.

सकाळी वैभवीचा फोन. कृष्णकांतने तिला कळवलं होतं. पुसलं तरी जागा राहते, हे मला ठाऊक नव्हतं. तिकडे एकाखाली एक सात ओळी होत्या, मेसेज डिलीट केल्याच्या. स्टोअरच्या दर्पणसाहेबांनी त्या पाहिल्या आणि कृष्णकांतला विचारलं, यात काय ठरलं होतं?

"साहेबांनी मेसेज वाचले असते तर हसले असते, आई. पुसलेलं बघून संशय आला."

मी म्हटलं, तूच काहीतरी लिही. ती म्हणाली, "लिहिलं तुम्ही, पुसलं तुम्ही." ओरडली नाही, तेच लागलं.

चार ओळींना मला तास लागला. "नमस्कार. काल मी जुन्या शेजाराच्या गप्पा लिहिल्या आणि ओळखीवर काम मिळालं असंही लिहिलं. ते खरं नाही, काम दरावर मिळालं. घाबरून मीच पुसलं, कृष्णकांत यांनी सांगितलं नव्हतं. चाळीस जोड बुधवारी अकराला गेटवर पोचतील. धन्यवाद. रंभाबाई."

दुपारी दर्पणसाहेबांचं उत्तर आलं, "नोंद घेतली. कोटेशनं तपासली, शंका नाही."

बुधवारी माल पोचला. अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला.

"नमस्कार मॅडम. चाळीस जोड मिळाले. धन्यवाद. कृष्णकांत, स्टोअर."

नेमका, नम्र मेसेज, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी तो दोनदा वाचला. मावशी कुठेच नव्हती.

उत्तरात "धन्यवाद" एवढंच लिहिलं आणि मोबाईल वैभवीच्या टेबलावर ठेवून आले.